एकच पाटी, दोन घरं: बिलावरचा खरा विक्रेता कसा ओळखायचा

प्रश्न: मी लातूरला एका सुपर शॉपीत खाती लिहितो. संभाजीनगरच्या एका नामांकित मिठाईवाल्याच्या दोन दुकानांतून आमच्याकडे माल येतो. नाव एकच म्हणून दोघांची बिलं मी एकाच लेजरला घेतो. आता एक दुकान म्हणतंय पैसे आलेच नाहीत, दुसरं म्हणतंय तुमचेच आमच्याकडे जास्त जमा आहेत. दोघं एक धरायचे की वेगळे?

उत्तर: दोन्ही दुकानांचं एकेक बिल समोर घ्या आणि जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं जुळवा. ती तंतोतंत सारखी असतील तर विक्रेता एकच, दुकानं कितीही असोत. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ते दोन वेगळे विक्रेते आहेत आणि तुमच्याकडे दोन लेजर हवेत. मग पाटी, डबा, डब्यावरचा गणपती सगळं एकसारखं असलं तरी फरक पडत नाही. तुम्ही जे सांगताय त्यावरून दुसरीच शक्यता जास्त दिसते.

मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांची खाती मी बरीच वर्षं पाहतोय आणि हा प्रकार मिठाईच्या धंद्यात जितका दिसतो तितका दुसरीकडे क्वचित दिसतो. त्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचे सगळे पदर आहेत.

नांदेडच्या एका ग्राहक भांडारात एक ताई लेखनिक आहेत. भांडार दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बाहेरगावच्या एका नावाजलेल्या मिठाईवाल्याचे पेढे, बर्फी, सोनपापडी विकायला ठेवतं. त्या नावाची दोन दुकानं, एक जुन्या गावात आणि एक नव्या वस्तीत. दोन्हीकडे सणाला रांगा लागतात. भांडाराचा माणूस जिथे माल तयार असेल तिथून उचलायचा. ताईंच्या आधीच्या लेखनिकाने टॅलीत एकच पार्टी उघडलेली होती आणि तिला जुन्या गावातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक दिलेला होता. सगळी बिलं त्याच पार्टीला पडत गेली.

ताईंना शंका आली ती जीएसटीआर-२बी जुळवताना. हे पत्रक दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होतं. आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपापल्या विवरणात दाखवलेली बिलं त्यात विक्रेत्याच्या क्रमांकानुसार येतात. ताईंनी वहीतली मिठाईची बिलं त्याच्याशी लावली, तर निम्मी जुळली. उरलेली बिलं पत्रकात त्या क्रमांकाखाली नव्हतीच. विक्रेत्याने विवरण भरलं नसेल असं समजून कोणीही फोन लावला असता. ताईंनी आधी उलट बाजूने शोध घेतला: पत्रकात अशी कुठली बिलं आहेत जी आपल्या वहीत नाहीत? तेव्हा नेमक्या त्याच रकमा, त्याच तारखा एका भलत्याच क्रमांकाखाली दिसल्या. म्हणजे बिलं पोर्टलवर होती, फक्त दुसऱ्याच विक्रेत्याच्या नावावर.

मग त्यांनी दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली. खरे क्रमांक इथे देत नाही, पण रचना अशी होती:

```
27AAACM0000A1Z*
27AABCM0000B1Z*
```

पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या विक्रेत्याचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात ही कितवी नोंदणी आहे ते सांगतं. चौदाव्या जागी Z येतो आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं.

इथे भल्याभल्यांची नजर फसते. पॅनचं चौथं अक्षर मालकीचा प्रकार सांगतं: C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी, P म्हणजे एकटी व्यक्ती, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. पाचवं अक्षर कंपनी किंवा फर्म असेल तर तिच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, व्यक्ती असेल तर आडनावाचं. आता एका घराण्यातून फुटलेल्या दोन कंपन्यांची नावं साहजिकच एकाच शब्दाने सुरू होतात. त्यामुळे चौथं अक्षर सारखं, पाचवंही सारखं आणि घाईत पाहणाऱ्याला सगळा क्रमांकच सारखा वाटतो. ताईंनाही पहिल्यांदा टायपिंगची चूक वाटली होती. म्हणून मी नेहमी सांगतो, पॅन नजरेने जुळवू नका, पेनाने एकेक अक्षराला टिक करा.

पोर्टलवर दोन्ही क्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. `Search Taxpayer` मध्ये `Search by GSTIN/UIN` घ्यायचं, क्रमांक टाकायचा. `Trade Name` समोर दोन्हीकडे तेच प्रसिद्ध नाव आलं. `Legal Name of Business` समोर मात्र दोन वेगळ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या निघाल्या. हाच गोंधळाचा उगम आहे. कंपनी निबंधक आधीच्या कंपनीचं नाव जसंच्या तसं दुसऱ्या कंपनीला देत नाही, त्यामुळे कायदेशीर नावात 'फूड्स', 'स्वीट्स' किंवा तसलाच एखादा वेगळा शब्द येतोच. पाटीवर काय रंगवायचं हा मात्र व्यापारचिन्हाचा विषय, तो वेगळ्या कायद्याखाली चालतो. गिऱ्हाईक पाटी वाचतं. खातं लिहिणाऱ्याने बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव वाचायचं असतं.

ताईंनी नव्या वस्तीतल्या दुकानाला फोन केला तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने एका वाक्यात सगळं सांगितलं: "ताई, गावातलं दुकान थोरल्या घरचं हाय, आमी धाकट्या घरचे, आमचा हिशेब येगळा." आजोबांनी सुरू केलेलं दुकान, मुलांच्या पिढीत वाटणी, नाव दोघांनीही ठेवायचं असं घरात ठरलेलं. पुढच्या पिढीने दोन्हीकडे कंपन्या केल्या. गावातल्या लोकांना हे माहीत असतं. दीडशे मैलांवरून माल उचलणाऱ्याला नसतं.

हे फक्त लहान गावांत घडतं असं समजू नका. देशातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण हल्दीरामचं आहे. बिकानेरच्या गंगाबिशन उर्फ हल्दीराम यांच्या भुजियापासून हे नाव सुरू झालं. भागीदारी १९७४ साली मोडली तेव्हा नावाची वाटणी प्रदेशानुसार झाली: पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि उरलेला देश दुसऱ्या शाखेकडे. पुढे कोलकात्याच्या शाखेशी जोडलेल्या लोकांनी दिल्लीत त्या नावाने दुकान काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यातला एक मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. भागीदारी संस्था नोंदलेली नसेल तर तिला व्यापारचिन्हाच्या हक्कासाठी दावा लावता येतो का, असा तो मुद्दा होता आणि २००० साली न्यायालयाने लावता येतो असं सांगितलं, कारण हा हक्क कायद्यातून येतो, समोरच्याशी केलेल्या करारातून येत नाही.

ज्यांच्याकडे उरलेला देश आला त्या शाखेतही पुढे नागपूर आणि दिल्ली अशी दोन घरं वेगवेगळ्या कंपन्यांतून धंदा करत राहिली, तर बिकानेरच्या भावाने बिकाजी हे वेगळंच नाव घेतलं. नागपूर आणि दिल्लीच्या पाकीटबंद मालाचा धंदा एका कंपनीत आणायला भारतीय स्पर्धा आयोगाने २०२३ साली मंजुरी दिली. उपाहारगृहांचा धंदा त्या एकत्रीकरणात नव्हता. म्हणजे तुमच्या शॉपीच्या फळीवरचं शेवेचं पाकीट आणि नागपूरला जाताना तुम्ही जिथे जेवता ते उपाहारगृह, या दोन्हींवर एकच नाव असलं तरी बिल करणारी कंपनी एकच असेल असं गृहीत धरता येत नाही. इतक्या मोठ्या नावाची ही गत, मग जिल्ह्याच्या गावच्या मिठाईवाल्याचं काय सांगावं.

आता नांदेडच्या हिशेबाकडे येतो, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून देतो. थोरल्या घराची बिलं ८०,००० रुपयांची, त्यावर ५ टक्के जीएसटी ४,०००, एकूण ८४,०००. धाकट्या घराची १,२०,०००, त्यावर ६,०००, एकूण १,२६,०००. एकाच लेजरला मिळून २,१०,००० दिसत होते. दिवाळीनंतर भांडाराने ही सगळी रक्कम एका आरटीजीएसने थोरल्या घराच्या खात्यात पाठवली, कारण बँकेत तेवढंच खातं जोडलेलं होतं. वहीत शिल्लक शून्य झाली आणि सगळं निवांत वाटलं. प्रत्यक्षात थोरल्याकडे १,२६,००० जास्तीचे पडले होते आणि धाकट्याला एक रुपयाही मिळालेला नव्हता. तुमच्या दोन दुकानदारांची वाक्यं याच हिशेबातली आहेत. दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा कोणाशीच वाद घालू नका.

त्यात आणखी एक गुंता. धाकट्याकडून आलेल्या पेढ्यांपैकी १०,००० रुपयांचा माल बुरशी आल्याने परत गेला. माल बरोबर धाकट्याकडे पोहोचला, पण डेबिट नोट निघाली थोरल्याच्या नावाने, कारण लेजर तेच. थोरल्याचा मुनीम म्हणाला, आमच्याकडे असा माल आलाच नाही. धाकट्याने म्हटलं, आम्हाला कागद नाही, क्रेडिट नोट कशी काढू? परत मालाची क्रेडिट नोट ज्याने मूळ बिल केलं त्यानेच, त्या बिलाच्या संदर्भाने काढायची असते. दुसऱ्या कंपनीने चांगुलपणाने काढून दिली तरी ती चालत नाही.

भांडाराच्या सचिवांना वाटलं, जीएसटीचं क्रेडिट तर मिळालंय, मग घाई कशाला? तर घाई यासाठी की, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्या विक्रेत्याला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, आणि ते वापरलं असेल तर व्याजही पडतं. कायद्यात पैसे 'पुरवठादाराला' द्यायचे आहेत. त्याच नावाच्या चुलतभावाच्या कंपनीला दिलेले पैसे तिथे धरले जात नाहीत. नंतर योग्य माणसाला पैसे दिले की क्रेडिट परत घेता येतं, व्याज मात्र गेलं ते गेलं.

ही चूक लवकर सापडत नाही याचंही एक कारण आहे. महिन्याच्या जीएसटीआर-३बी मध्ये खरेदीच्या क्रेडिटची नुसती बेरीज जाते, विक्रेतावार यादी जात नाही. ४,००० आणि ६,००० मिळून १०,००० पत्रकातही आणि वहीतही बरोबर दिसतात. बेरीज जुळली म्हणून जे थांबतात त्यांना हे कधीच दिसत नाही. ताई विक्रेतावार गेल्या म्हणून त्यांना दिसलं, आणि याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

दुरुस्ती करताना दोन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं ठिकाण लेजरचं. जुन्याच पार्टीचा जीएसटी क्रमांक बदलून नवा टाकू नका. तसं केलं तर थोरल्याची बरोबर असलेली बिलंही धाकट्याच्या क्रमांकाखाली जातात आणि होतं ते उलटंपालटं होतं. धाकट्यासाठी नवीन लेजर उघडा, त्याचा क्रमांक टाका आणि त्याचं एकेक बिल उघडून पार्टी बदला. लेजरच्या नावात पाटीवरचं नाव लिहू नका. कायदेशीर नाव लिहा आणि त्यापुढे पॅनची शेवटची पाच अक्षरं जोडा. पुढच्या वर्षी तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी असेल, त्यालाही हे दोन वेगळे आहेत हे यादी पाहूनच कळलं पाहिजे.

दुसरं ठिकाण पैशांचं. थोरल्याच्या मुनिमाने सुचवलं की, "तुम्ही वहीत नोंद फिरवा, आम्ही आपसात बघून घेऊ." माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. वाटणी झालेल्या घरांत 'आपसात' हा शब्द किती टिकेल याचा भरवसा बाहेरच्याने धरू नये. तिघांच्या सहीचं पत्र करून रक्कम वळती करता येते, पण एका घराचं दुसऱ्या घराकडे काही जुनं येणं निघालं की तुमची रक्कम त्यात अडकते, आणि पुरवठादाराला पैसे मिळाले हे दाखवायला बँकेची नोंद तुमच्या हातात नसते. दुसरी सूचना आली होती की, जास्तीचे पैसे पुढच्या हंगामाच्या मालात वळते करू. तेही चालेल, पण मग ती थोरल्याला दिलेली उचल झाली. धाकट्याचं देणं त्याने फिटत नाही, ते खिशातून वेगळं द्यावं लागेल. भांडाराने शेवटी सरळ रस्ता घेतला: थोरल्याने १,२६,००० बँकेतून परत केले. धाकट्याने परत मालाची १०,५०० रुपयांची क्रेडिट नोट काढली आणि भांडाराने त्याला उरलेले १,१५,५०० पाठवले. १८० दिवस भरायच्या आत हे सगळं झालं.

धाकट्याचं खातं बँकेत नव्याने जोडताना आणखी एक खात्री करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीच्या आधी खातेदाराचं नाव पडद्यावर पाहायची सोय बँकांनी द्यायची आहे. तिथे जे नाव येईल ते पोर्टलवरच्या `Legal Name of Business` शी जुळवा. पाटीवरचं नाव तिथे दिसलं नाही म्हणून घाबरू नका, आणि पाटीवरचं नाव दिसलं म्हणून लगेच पाठवूही नका.

तपासताना काही गोष्टींनी उलट दिशेने फसायला होतं, तेवढं सांगतो. बिलावरचा आणि डब्यावरचा अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक वेगळा दिसला की काही जण मालक वेगळे ठरवून मोकळे होतात. हा परवाना जागेनुसार मिळतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन दुकानांचे क्रमांक वेगळे असणारच. त्याचा उपयोग एवढाच की डब्यावर 'उत्पादक' म्हणून कोणाचं नाव आहे हे वाचायची सवय लागते. तसंच जीएसटी क्रमांक पूर्ण जुळत नाही पण मधली दहा अक्षरं जुळतात, अशा वेळी विक्रेता एकच असतो: पहिले दोन अंक वेगळे असतील तर दुसऱ्या राज्यातली नोंदणी, तेरावं अक्षर वेगळं असेल तर त्याच राज्यातली दुसरी नोंदणी.

आणि पॅन वेगळा निघाला म्हणजे घरात वाटणीच झाली असेल असंही नाही. मूळ मालकाकडून नाव वापरायची परवानगी घेऊन फ्रँचायझी चालवणाऱ्याचा पॅनही वेगळाच असतो. त्यातलं खरं काय हे पाहायचं असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही कंपन्यांचे संचालक आणि स्थापनेचं वर्ष पाहा. संचालकांची नावं समान निघाली तर दोन्हीकडे एकच घर असू शकतं. तरी कंपन्या दोन असतील तर तुमच्यासाठी विक्रेते दोनच. सख्खे भाऊ दोन्हीकडे संचालक असले तरी एकीचं देणं दुसरीला देऊन फिटत नाही.

तुमच्या बाबतीत उद्या सकाळी करायचं काम असं. दोन्ही दुकानांकडून १ एप्रिलपासूनचा खातेउतारा त्यांच्या कंपनीच्या शिक्क्यासह मागवा. फोनवरच्या बोलण्यावर काही फिरवू नका. पोर्टलवर `Search by PAN` मध्ये दोन्ही पॅन टाकून त्या त्या पॅनवरच्या सगळ्या नोंदण्यांची यादी काढा, म्हणजे तिसरं एखादं दुकान मधे असेल तर तेही कळेल. मग सर्वांत जुनं न फिटलेलं बिल कोणतं ते पाहा आणि त्याच्या तारखेपासून १८० दिवस मोजा. ज्या दुकानाकडे जास्त जमा आहे त्याला पत्र लिहा, त्यात प्रत्येक भरण्याची तारीख, रक्कम आणि यूटीआर क्रमांक द्या. 'सदर रक्कम अमुक कंपनीच्या बिलांपोटी देय असताना नामसाधर्म्यामुळे आपल्या खात्यात जमा झाली आहे, ती मूळ बँक खात्यात परत करावी' एवढंच वाक्य पुरे. ज्याचं देणं आहे त्याला त्या पत्राची प्रत द्या आणि किती दिवसांत पैसे येतील ते लेखी कळवा. १८० दिवसांपैकी थोडेच उरले असतील, तर थोरल्याकडून परतावा यायची वाट न पाहता मालकाला सांगून धाकट्याचं बिल आधी फेडून टाका.

कोणतं बिल कोणाचं हे ठरत नसेल तर दोन्ही बिलांवरची नावं आणि रकमा झाकून फक्त जीएसटी क्रमांक आणि बिलाची तारीख लिहून पाठवा, मी लावून देतो.